जामिनानंतरचे 38 दिवस आणि माझा एसओपी

क्रिमिनॉलॉजीच्या मास्टर्ससाठी मी इंग्लंडमधल्या तीन विद्यापीठांकडे अर्ज केले होते. मार्चमध्ये दोन ठिकाणांहून होकार आला, एका ठिकाणाहून नकार. तेव्हापासून कॉलेजमधल्या ज्युनिअर मुली एकच विचारतात, "ताई, एसओपीत काय लिहिलंस?" स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणजे त्या अर्जातलं पान-दोन पानांचं लेखन: हा विषय का, हाच अभ्यासक्रम का आणि त्यासाठी तुमच्याकडे काय आहे. माझ्याकडे तुरुंगातल्या विधी साहाय्याचं काम होतं. ते दोन पानांत मांडायला मला ऑक्टोबर ते जानेवारी असे जवळपास तीन महिने लागले. पहिला खर्डा का फसला आणि शेवटचा कसा उभा राहिला, ते क्रमाने सांगते.

आधी एक खुलासा. कारागृहाचं, तालुक्याचं आणि माणसांचं नाव मी मुद्दाम देत नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत आणि तारखा थोड्या मागेपुढे सरकवल्या आहेत. दोन तारखांमधलं अंतर मात्र जसं होतं तसंच ठेवलंय, कारण सगळी गोष्ट त्या अंतराचीच आहे.

मी कोकण किनाऱ्यावरची. कोकणातल्याच, मुंबई विद्यापीठाला जोडलेल्या एका कॉलेजात तीन वर्षांचं एलएलबी केलं. ऑगस्ट 2023 मध्ये जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं विधी स्वयंसेवकाचं प्रशिक्षण झालं, ओळखपत्र मिळालं आणि दर गुरुवारी कारागृहातल्या विधी साहाय्य केंद्रावर जायला लागले. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी त्याचं उत्पन्न पाहिलं जात नाही. पण आतल्या माणसाने तो मागायचा कसा, कुणाकडे? त्यासाठी हे केंद्र. प्रत्यक्षात ते म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, अर्जांचा गठ्ठा आणि एक नोंदवही. एकेक बंदी येतो. पुढची तारीख कधी आहे, वकील कोण, घरी कळवलंय का, हे विचारायचं, अर्ज भरायचा, अंगठा किंवा सही घ्यायची आणि संध्याकाळी प्राधिकरणाच्या कार्यालयात नेऊन द्यायचा. स्वयंसेवकाला कोर्टात उभं राहता येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे माझी चूक इथेच झाली.

मे 2024 मध्ये माझी शेवटच्या सत्राची परीक्षा होती, त्यामुळे दोन गुरुवार मी गेले नाही. 13 जूनला गेले तेव्हा एक खलाशी समोर येऊन बसला. विशीतला, नेपाळचा, तीन वर्षं आमच्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलरवर काम केलेला. बंदरावरच्या मारामारीत त्याचं नाव आलं होतं. हिंदी बोलायचा, पण मध्येच तांडेल, वल्हं, हिशेब असे आपले शब्द यायचे. म्हणाला, "मॅडम, बेल हो गया है. कागज कब आएगा?"

मी विचारलं, कधी झाला? त्याने बोटांवर मोजून सांगितलं. 21 मे. म्हणजे 23 दिवस झाले होते.

मला वाटलं, त्याचा गैरसमज झाला असेल. "कोर्टाने जामीन दिला" आणि "जामिनाचा अर्ज दिला" यात बंदींची गल्लत नेहमी होते. म्हणून मी त्याच्या नावावर कोर्टातून आलेला आदेश शोधायला सांगितला. सापडला नाही. दुसऱ्या दिवशी प्राधिकरणाच्या पॅनलवरच्या वकीलसाहेबांना फोन केला. त्यांनी कोर्टाच्या संकेतस्थळावर पाहिलं आणि आदेश होता: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार.

पुढच्या गुरुवारी मी आदेशाची प्रिंट घेऊन गेले आणि कोठडीचं वॉरंट शेजारी ठेवलं. वॉरंट हाताने, मराठीत लिहिलेलं. त्यावर आडनाव आधी, नाव नंतर, वडिलांचं नावच नाही. आदेश इंग्रजीत टाइप केलेला. त्यात नाव आधी आणि आडनावातलं एक अक्षर गळलेलं. त्याच सुमारास जवळपास त्याच नावाचा दुसरा एक बंदीही आत होता. ईमेलवर आलेला आदेश नेमका कुणाचा, हे न जुळल्याने तो बाजूला राहिला होता. दोन्ही कागदांवर एकच गोष्ट तंतोतंत सारखी होती, गु.र.नं. म्हणजे पोलीस ठाण्याचा गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष. मी त्यावर बोट ठेवलं आणि समोरच्या तुरुंगाधिकाऱ्यांनी लगेच नोंद करून घेतली. पाच मिनिटांचं काम होतं.

ही नोंद का महत्त्वाची, तेही सांगते. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी जामिनाबाबत काही निर्देश दिले आहेत. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहाला ईमेलने जावी, अधीक्षकांनी ती तारीख ई-प्रिझन्स प्रणालीत नोंदवावी आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. महिनाभरात जामिनाची पूर्तता झाली नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका अडते, हेही त्या निर्देशांतच म्हटलंय. म्हणजे उपाय कागदावर होता. पण ते सात दिवस जामिनाच्या तारखेपासून मोजायचे असले तरी नोंद असेल तरच ते कुणाच्या लक्षात येतात, आणि नाव न जुळल्याने नोंदच झाली नव्हती.

नाव जुळलं म्हणून माणूस सुटला असं झालं नाही. स्थानिक जामीनदार आणायचा कुठून? 1 जूनपासून मासेमारी बंद. मे अखेरीस बोटी वर घेतल्या जातात, हिशेब होतात आणि खलाशी आपापल्या गावी जातात. त्याला ओळखणारे सगळे नेपाळच्या नाहीतर उत्तर प्रदेशच्या वाटेवर. बंदरावरचा एक मासळीवाला जामीन राहायला तयार झाला, पण त्याचा सातबारा सामाईक, त्यावर सतरा नावं आणि त्यातली निम्मी मुंबईत. कोकणात हे घरोघरी आहे. वडिलोपार्जित जमीन असते, पण तुमच्या एकट्याच्या नावावर किती, ते सांगता येत नाही. तो जामीनदार काही चालला नाही.

शेवटी वकीलसाहेबांनी जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू देण्याचा अर्ज केला. तेव्हा जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती आणि तिच्या कलम 445 मध्ये तशी तरतूद होती. सरकारी वकिलांचं म्हणणं आलं आणि पुढच्या दोन दिवसांत आदेश झाला. सचिव मॅडमच्या परवानगीने मी बोटमालकांना फोन केला. हंगामाच्या हिशेबातले त्याचे पैसे त्यांच्याकडे बाकी होते, त्यातून त्यांनी पंधरा हजार भरले. 28 जूनला दुपारी सुटकेचा आदेश पोचला आणि संध्याकाळच्या आत तो बाहेर आला. जामीन मिळाल्यापासून 38 दिवस.

फाटकाबाहेर धो धो पाऊस होता. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात एक शर्ट आणि बंद पडलेला मोबाइल. त्याने विचारलं, "बंदी अजून चालू आहे ना?" कसली बंदी, हे कळायला मला क्षणभर लागला. तो मासेमारीबद्दल विचारत होता.

हे सगळं घडलं तेव्हा एसओपी माझ्या मनातही नव्हता. जुलैत निकाल लागला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अभ्यासक्रम पाहिले आणि 12 ऑक्टोबरला, दसऱ्याला, लॅपटॉपची पूजा करून पहिला खर्डा लिहायला बसले. एका विद्यापीठाची मर्यादा हजार शब्दांची, दुसऱ्याची सातशे पन्नास, तिसऱ्याची पाचशे. मी आधी मोठा लिहायचं ठरवलं. सुरुवात अशी होती (मूळ इंग्रजी, इथे मराठीत देते):

"कायद्याचं शिक्षण घेताना मी तुरुंगातल्या गरीब बंद्यांच्या वेदना जवळून पाहिल्या. त्यांना न्याय मिळवून देताना मला समाजाचं खरं रूप कळलं. एका निरपराध स्थलांतरित कामगाराला मी 38 दिवसांनंतर तुरुंगातून मुक्त केलं."

लिहून झालं तेव्हा मला ते फार छान वाटलं होतं. आईला वाचून दाखवताना माझे डोळेसुद्धा भरून आले.

मग तो खर्डा मी वकीलसाहेबांना पाठवला. खटल्याबद्दल लिहिलंय तर एकदा त्यांच्या नजरेखालून जावं, एवढाच हेतू. चार दिवसांनी त्यांनी ऑफिसला बोलावलं. कागदावर त्यांनी पेन्सिलने दोन शब्दांखाली रेघा मारल्या होत्या. 'निरपराध' आणि 'मुक्त केलं'.

"खटला अजून चालू आहे," ते म्हणाले. "तो निरपराध आहे की नाही, हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. जामीन मिळायला निरपराध असावंच लागतं, असं तुम्हाला म्हणायचंय का?"

मी गप्प. कायद्याची पदवी घेतलेल्या मुलीने हे लिहायला नको होतं.

"आणि मुक्त कोणी केलं? अर्ज मी केला. आदेश कोर्टाने दिला. पैसे मालकाने भरले. तुम्ही काय केलंत ते लिहा ना. ते कमी आहे का?"

घरी आल्यावर मी नोंदवही काढली आणि मी स्वतः केलेल्या गोष्टी क्रियापदांत लिहून काढल्या. विचारलं. दोन कागद शेजारी ठेवले. गुन्हा क्रमांक जुळवला. वकिलांना कळवलं. परवानगी घेऊन फोन केला. पाच ओळी झाल्या. पण त्या पाच ओळींत जे होतं, ते मी सोडून दुसरं कोणी लिहू शकलं नसतं. वेदना, न्याय, समाजाचं खरं रूप हे शब्द कुणाच्याही एसओपीत चालले असते. तुम्ही तुरुंगातल्या कामाबद्दल लिहिणार असाल तर हे एकदा करून पाहा. 'मदत केली', 'न्याय मिळवून दिला' असं जिथे लिहिलंय तिथे हाताने काय केलं ते लिहा. अर्ज भरला असेल तर अर्ज भरला, पत्र वाचून दाखवलं असेल तर पत्र वाचून दाखवलं. निवड समितीत बसणाऱ्यांनी तुरुंगात संशोधन केलेलं असू शकतं. स्वयंसेवकाच्या हातात काय असतं आणि काय नसतं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

दुसरा खर्डा दिवाळीपर्यंत झाला. यात मी माझी नोंदवही वापरली होती. ऑगस्ट 2023 पासून केंद्रावर भेटलेल्यांपैकी जामीन मंजूर होऊनही आत असलेले किती, ते मोजलं. ते अकरा जण होते आणि त्यातले आठ जण एका महिन्याहून जास्त काळ थांबलेले. त्यावरून मी ठोकून दिलं होतं की जामीन मिळालेल्यांतल्या बहुतेकांना महिन्याहून अधिक काळ आत राहावं लागतं. कायद्याच्या विद्यार्थिनीकडे आकडे आहेत, याचा मला फार आनंद झाला होता.

भाऊबीजेला चुलत बहीण आली. पुण्यात सार्वजनिक आरोग्यात पीएचडी करते. ओटीवर बसून तिने खर्डा वाचला आणि त्या वाक्यापाशी थांबली.

"अगं, हे तू कसं काढलंस?"

मी वही दाखवली.

"तू आठवड्यातून एकदा जातेस. त्या दिवशी जे आत आहेत तेच तुला भेटतात. ज्याला मंगळवारी जामीन झाला आणि जो बुधवारी सुटला, तो तुझ्या वहीत येणारच कसा?"

मला पटेना, तेव्हा तिने जेटीचं उदाहरण दिलं. "रोज संध्याकाळी जेटीवर जाऊन नांगरलेल्या बोटी मोज. इंजिन बिघडून महिनाभर उभी असलेली बोट तुला रोज दिसेल. पहाटे येऊन मासळी उतरवून दुपारी गेलेली बोट एकदाही दिसणार नाही. मग तू म्हणशील, आपल्या बंदरात सगळ्या बोटी बिघडलेल्याच आहेत."

मग तिने पेन घेऊन मासिकाच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. समजा एका महिन्यात दहा जणांना जामीन मिळाला. नऊ जण दोन दिवसांत सुटले, एक जण साठ दिवस राहिला. नऊ जणांचे मिळून अठरा दिवस, एकट्याचे साठ. एकूण अठ्ठ्याहत्तर. आता कुठल्याही एका दिवशी आत जाऊन 'जामीन होऊनही आत' असलेला माणूस गाठला, तर तो त्या साठ दिवसवाल्यांपैकी असण्याची शक्यता अठ्ठ्याहत्तरात साठ, म्हणजे चारात तीनहून थोडी जास्त. प्रत्यक्षात असे लोक दहात एकच. माझी वही खोटं बोलत नव्हती. तिला जास्त दिवस अडकलेलेच जास्त दिसत होते.

मला आधी वाईट वाटलं. वर्षभराची वही निकामी झाली, असं वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या लक्षात आलं की मला हवी ती गोष्ट हीच आहे. कायदा मला विचारायला शिकवतो की ही कोठडी वैध आहे का. त्या 38 दिवसांना हा प्रश्न लावला तर उत्तर येतं, वैध आहे. वॉरंट होतं, आदेश होता, अट होती, अटीची पूर्तता झाली नव्हती. इतके दिवस कुणाचे जातात, किती जणांचे जातात, नावामुळे किती आणि जामीनदारामुळे किती, हे विचारायचं हत्यार मला एलएलबीने दिलेलं नाही. ते नाही म्हणूनच तर मास्टर्स करायचंय. त्यासाठी आत असलेले मोजून चालणार नाही. एका महिन्यात ज्यांना ज्यांना जामीन मंजूर झाला त्यांची यादी कोर्टाच्या बाजूने धरायची आणि प्रत्येकाचा सुटकेपर्यंत माग काढायचा.

तिसऱ्या खर्ड्यात मी माझा आकडा काढला नाही. तो का चुकीचा आहे, ते लिहिलं. तो परिच्छेद असा होता:

"माझ्या नोंदवहीतल्या अकरांपैकी आठ जण महिन्याहून जास्त काळ आत होते. यावरून मी कोणताही निष्कर्ष काढू शकत नाही, कारण आठवड्यातून एकदा जाणाऱ्या व्यक्तीला लवकर सुटलेले भेटतच नाहीत. जामिनाच्या आदेशापासून सुटकेपर्यंतचा प्रत्येकाचा काळ कसा मोजायचा आणि त्यातला किती काळ कागदांमुळे, किती जामीनदाराच्या अटीमुळे जातो हे कसं वेगळं करायचं, हे मला शिकायचं आहे."

याच्या पुढे अभ्यासक्रमातल्या संशोधनपद्धतींच्या विषयाचं नाव आपोआप आलं. 'हाच अभ्यासक्रम का' या प्रश्नासाठी मी आधी विद्यापीठाच्या माहितीपत्रकातली वाक्यं उलटसुलट करून लिहिली होती, ती सगळी काढून टाकता आली.

अजून एक मोह आवरावा लागला. तो खलाशी ऑगस्टमध्ये परत आला होता. नारळी पौर्णिमेनंतर बोटी जोरात सुरू झाल्या आणि तो कोर्टाच्या तारखेला हजर होता. बाहेरचा माणूस पळून जाईल, या भीतीनेच स्थानिक जामीनदार मागतात. मला लिहायचं होतं, बघा, तो आला, भीती खोटी आहे. पण एका माणसाच्या येण्याने इतरांबद्दल काही सिद्ध होत नाही. मी फक्त एवढंच लिहिलं की तो तारखेला हजर होता आणि असे किती जण हजर राहतात, हे पाहायला हवं.

त्याच तारखेला मी त्याला विचारलं होतं की तुझी गोष्ट नाव न घेता कुठे सांगितली तर चालेल का. तेव्हा माझ्या डोक्यात कॉलेजचा एक कार्यक्रम होता. नोव्हेंबरमध्ये बोटमालकांकरवी पुन्हा फोन केला आणि अर्जाबद्दल समजावून सांगितलं. त्याने विचारलं, गावचं नाव येईल का? नाही म्हटल्यावर हो म्हणाला. एसओपीत तो 'एक स्थलांतरित खलाशी' आहे. देश नाही, बंदर नाही, तारखा नाहीत, फक्त दिवसांची संख्या. केंद्रावर कळलेली माहिती ही त्या माणसाने वकील मिळावा म्हणून दिलेली असते, माझ्या अर्जासाठी नाही. जे आत आहेत त्यांची संमती मी घेतलीच नाही. टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस मला नाही म्हणू शकेल, असं मला वाटत नाही.

आता कागदपत्रांचं. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. ट्रान्सक्रिप्टसाठी 18 ऑक्टोबरला अर्ज केला, हातात पडली 29 नोव्हेंबरला. मधे दोनदा मुंबईला जावं लागलं, तुतारीने रात्रभर जायचं आणि कोकणकन्येने परतायचं. एका गुणपत्रिकेवर माझ्या वडिलांच्या नावात चूक निघाली. दुसऱ्याच्या नावातली चूक शोधणारी मी, स्वतःच्या गुणपत्रिका तीन वर्षं नीट वाचल्या नव्हत्या. तुम्ही आजच कपाटातून काढून पासपोर्टशेजारी ठेवून वाचा. ट्रान्सक्रिप्ट, दुरुस्ती, टपाल आणि प्रवास मिळून साडेपाच हजार गेले. आयईएलटीएसची फी तेव्हा सतरा हजारांच्या घरात होती. ती परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी दिली. तीनपैकी एका विद्यापीठाला अर्जाचं शुल्क होतं, दोघांना नव्हतं.

शिफारसपत्रांत मी अडकले. दोन हवी होती. एक फौजदारी कायदा शिकवणाऱ्या सरांचं, ते लगेच मिळालं. दुसरं सचिव मॅडमचं घ्यावं असं मनात होतं, पण प्राधिकरणाचे सचिव न्यायाधीश असतात आणि त्यांच्या बदल्या होतात. मॅडमचीही झाली होती. नव्या ठिकाणी फोन केला तेव्हा त्या प्रेमाने बोलल्या, पण स्पष्ट म्हणाल्या, "रेकॉर्डवर आहे तेवढ्याचं प्रमाणपत्र कार्यालय देईल. तुझ्या गुणांबद्दल मी लिहिणं बरोबर दिसणार नाही." मग मी कार्यालयात अर्ज देऊन प्रमाणपत्र घेतलं. त्यात नेमणुकीची तारीख, केंद्राचं काम आणि हजेरीपटावरून भेटींची संख्या आहे. दुसरं पत्र वकीलसाहेबांनी दिलं. त्यात त्यांनी त्या दोन कागदांचा प्रसंग लिहिलाय, हे मला नंतर कळलं. स्वयंसेवक असाल तर हजेरीपटावर दर वेळी सही करा आणि दर सहा महिन्यांनी प्रमाणपत्र मागून ठेवा. एसओपीत लिहिलेली भेटींची संख्या आणि प्रमाणपत्रातली संख्या एकच असायला हवी. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात 'साठहून अधिक भेटी' होतं, हजेरीपटावर 53 निघाल्या. मी 53 लिहिलं.

हजार शब्दांचा खर्डा पाचशेवर आणताना आधी मी प्रत्येक परिच्छेदातून थोडं थोडं कापलं आणि सगळंच पांगळं झालं. मग उलटं केलं. खलाशाचा प्रसंग आणि वहीतली चूक हे दोन परिच्छेद जसेच्या तसे ठेवले, आणि कॉलेजातल्या मूट कोर्टच्या स्पर्धा, इंटर्नशिप, वाचलेले निवाडे हे सगळं बायोडेटावर सोडलं. तिथे ते होतंच. पुढे काय करायचंय यावर तीन वाक्यं ठेवली: परत येऊन किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत जामिनानंतरच्या दिवसांचा अभ्यास करायचा, तो विधी सेवा प्राधिकरणापुढे ठेवायचा आणि वकिली चालू ठेवायची.

6 जानेवारी 2025 ला रात्री तिन्ही अर्ज पाठवले. वीज दोनदा गेली, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. आई जागी होती. पाठवल्यावर तिने फक्त एवढंच विचारलं, "त्या पोराचं नाव नाही ना गो लिहिलंस?"

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला होकार आला. नकार आला तो पाचशे शब्दांची मर्यादा असलेल्या विद्यापीठाचा, कारण दिलेलं नाही. शिष्यवृत्तीचे निकाल अजून यायचे आहेत आणि ती मिळाली नाही तर यंदा जाता येणार नाही, जागा पुढच्या वर्षावर ढकलता येते का ते विचारलंय.

तोवर गुरुवार चालू आहेत. केंद्रावर दोन नवीन मुली आल्या आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांना वॉरंट आणि आदेश शेजारी ठेवून आधी गु.र.नं. आणि मग नाव वाचायला लावलं. वहीच्या पहिल्या पानावर आता दोन नवे रकाने आहेत, जामिनाची तारीख आणि सुटकेची तारीख. जे आम्हाला भेटायच्या आतच सुटले त्यांच्या तारखा कोर्टाच्या यादीवरून भरायच्या, असं नव्या सचिवांनी मान्य केलंय. माझी जुनी वही, जिच्यात नावं आहेत, ती मी गेल्या आठवड्यात कार्यालयात जमा केली आणि पोच घेतली.